न विचारता ग्रुपमध्ये घेतलं, आता पहिला मेसेज काय लिहायचा?



मी बचत गटांची समन्वयक. गावोगावच्या बैठकांना जाते, हिशेबाच्या वह्या बघते, बँकेत तुमच्याबरोबर रांगेत उभी राहते. आज वहीबद्दल बोलणार नाही, फोनबद्दल बोलणार आहे, आणि फोनमधल्याही एकाच गोष्टीबद्दल. रात्री भांडी आवरून बसावं आणि फोन टिंग वाजावा. बघावं तर आपण कुठल्यातरी व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये आलेलो असतो. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. आत दोनशे माणसं, त्यातली ओळखीची एखादीच. व्यापारी आहेत, अधिकारी आहेत, प्रक्रिया उद्योगवाले आहेत. आणि कुणीतरी लिहितं, "नवीन सदस्यांनी आपला परिचय द्यावा."

आता काय लिहायचं?

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या एका गटाच्या सचिव ताईंची गोष्ट सांगते. त्यांचं नाव घेत नाही, पण हे सगळं सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे. दहा जणींचा गट आहे. हळद पूड करतात, मिरची कांडून देतात. जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्यांनी स्टॉल लावला होता. तिथे एक वही फिरत होती, "आपलं नाव, गाव, मोबाईल नंबर लिहा." ताईंनी लिहिला. आपण सगळ्याच लिहितो. पुढे पंधरा दिवसांनी त्या वहीतले नंबर एका गृहस्थांनी उचलले आणि "मसाला उत्पादक व खरेदीदार" अशा एका ग्रुपमध्ये घातले. आत २१२ माणसं होती.

ताईंनी मला फोन केला. मी म्हटलं, "बाहेर पडा, उगाच डोक्याला ताप." माझा हा सल्ला चुकला होता, ते पुढे येईलच. आणि दुसरीही कबुली देऊन टाकते. मागच्या वर्षी एका प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावरून ३१ जणींना मीच न विचारता एका ग्रुपमध्ये घातलं होतं. त्यातल्या एकीच्या घरी त्यावरून भांडण झालं. तेव्हा न विचारता घालणारे सगळे वाईट हेतूचे असतात असं मी म्हणणार नाही. घाई असते, आणि समोरच्या बाईच्या घरात तो फोन कुणाच्या हातात असतो याचा विचार केलेला नसतो.

ताईंच्या घरी फोन एकच. दिवसा त्यांच्याकडे, संध्याकाळी मुलाकडे अभ्यासाला. ग्रुपवर परिचय मागितला तेव्हा फोन मुलाच्या हातात होता. त्याने लिहिलं, "हाय". झाला आईचा परिचय! वर आणखी गंमत अशी की व्हॉट्सअॅपवर नाव टाकलेलं होतं ते यजमानांचं, कारण सिमकार्ड घेतलं तेव्हा त्यांनीच सगळं भरलं होतं. समोरून उत्तर आलं, "स्वागत आहे दादा." आणि रात्री पावणेदहाला एका अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअॅप कॉल आला. यजमान म्हणाले, "हे ग्रुपबिप बंद कर, नाहीतर फोन माझ्याकडे ठेवतो."

ताईंना दोन्ही नको होतं. फोन जायला नको होता, कारण गटाचे निरोप, बँकेचे मेसेज सगळे त्याच्यावर येतात. आणि ग्रुपही सोडायचा नव्हता, कारण त्यांना खरोखरच हळद विकायची होती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसले आणि आम्ही दोघींनी पहिल्यापासून सुरुवात केली.

लिहायच्या आधी आम्ही ग्रुप कसला आहे ते पाहिलं. ग्रुप उघडल्यावर वर त्याचं नाव दिसतं, त्या नावावर बोट ठेवायचं. आतमध्ये माहिती उघडते. ग्रुप कुणी केला, कधी केला, कशासाठी केला, किती जण आहेत, आणि कुणाच्या नावापुढे Admin असं लिहिलं आहे, हे सगळं तिथे दिसतं. ॲडमिन म्हणजे ग्रुप चालवणारा माणूस. सदस्यांची यादी खाली सरकवत गेलं की आपल्या फोनमध्ये जे नंबर जपून ठेवलेले आहेत ते नावानं दिसतात. ताईंना तीन नावं ओळखीची मिळाली. एक कृषी खात्यातले, एक शेजारच्या गटाच्या अध्यक्ष, एक मसाल्याचं यंत्र विकणारे. शेजारच्या अध्यक्षांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ग्रुप बरा आहे, रोज भाव टाकतात, मला एक गिऱ्हाईक तिथूनच मिळालं." तिथे माझा बाहेर पडा हा सल्ला मी मागे घेतला.

इथे जरा थांबते, कारण सगळेच ग्रुप असे नसतात. आमच्याच दुसऱ्या एका गटातल्या मुलीला असंच एका ग्रुपमध्ये घातलं होतं. नाव मोठं, फोटो छान, आणि आत शेअर बाजाराच्या टिपा. कुणीतरी रोज लिहायचं, मला आज इतका फायदा झाला, आणि बाकीचे हात जोडायचे. घालणाऱ्याचा नंबर +91 नं सुरू होत नव्हता, म्हणजे भारतातला नव्हता. सदस्यांत ओळखीचं एकही माणूस नाही. अशा ठिकाणी पहिला मेसेज लिहायचाच नाही. "मला का घेतलं" असं विचारायलाही लिहायचं नाही, कारण त्यानं एवढंच कळतं की हा नंबर चालू आहे आणि या बाई उत्तर देतात. ग्रुपच्या माहितीत अगदी खाली Exit आणि Report असं दिसतं, तिथून तक्रार करून निघायचं. फसवणुकीनं पैसे गेलेच असतील तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे, आणि जितका लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

ताईंचा ग्रुप खरा निघाला. तरी आम्ही त्या दिवशी लिहिलं नाही, आणि ते बरंच झालं. नव्यानं घेतलेल्या माणसाला आधीचं बोलणं सहसा दिसत नाही. आत काय चाललंय ते कळत नाही. त्याच दुपारी ग्रुपमधल्या एका जुन्या व्यापाऱ्यांच्या निधनाची बातमी आली आणि खाली ओळीनं "भावपूर्ण श्रद्धांजली" सुरू झालं. मध्येच आपली हळद गेली असती तर काय दिसलं असतं, विचार करा. एक दिवस नुसतं वाचायचं. लोक कुठल्या वेळी लिहितात, सुप्रभातची फुलं टाकलेली चालतात का, भाव कसे लिहितात, एकमेकांना साहेब म्हणतात की दादा-ताई म्हणतात, हे एका दिवसात कळतं. ताईंच्या ग्रुपवर फुलं टाकणाऱ्याला ॲडमिननं दोनदा टोकलेलं दिसलं. म्हणजे तिथे फक्त कामाचं बोलायचं होतं.

या एका दिवसात आम्ही फोनही नीट केला. ग्रुपमध्ये घातलं की त्या क्षणापासून आपला नंबर आतल्या सगळ्यांना दिसतो. ते आपल्याला थांबवता येत नाही, ते होऊन गेलेलं असतं. पण फोटो कुणाला दिसावा हे आपल्या हातात असतं. ताईंच्या फोटोत त्या आणि त्यांची शाळेच्या गणवेशातली मुलगी, आणि गणवेशावर शाळेचं नाव. २१२ माणसांना ते बघायची काय गरज? आम्ही तिथे हळदीच्या पाकिटाचा फोटो लावला. आणि यजमानांच्या नावाच्या जागी ताईंचं नाव आणि पुढे "हळद" असं लिहिलं. व्हॉट्सअॅपच्या Settings मध्ये वर स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं की नाव बदलता येतं. पाच मिनिटांचं काम, पण ताई म्हणाल्या, "अहो, या फोनात माझं नाव पहिल्यांदाच आलं."

पुन्हा कुणी न विचारता घालू नये यासाठी एक सोय आहे. Settings मध्ये Privacy, त्यात Groups. तिथे Everyone असं असतं, म्हणजे कुणीही घालू शकतो. ते बदलून My contacts करायचं. मग ज्यांचे नंबर आपण आपल्या फोनमध्ये ठेवलेत तेच आपल्याला सरळ घालू शकतात. बाकीच्यांना आधी आमंत्रण पाठवावं लागतं, आणि ते तीन दिवसांत आपण स्वीकारलं नाही तर आपोआप संपतं. मात्र आधीच घातलेल्या ग्रुपमधून यानं आपण बाहेर येत नाही, हे लक्षात ठेवा. ताईंना वाटलं होतं, बटण दाबलं की सगळे ग्रुप जातील.

आता मेसेज. ताईंनी संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर पहिला मसुदा लिहिला. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरानं त्यात भर घातली. तो असा होता:

"सर्व माननीय, आदरणीय, सन्माननीय सदस्यांना माझा सविनय नमस्कार. आम्ही अत्यंत गरीब कुटुंबातील महिला असून आम्हाला आपल्या मदतीची नितांत गरज आहे. आमची हळद शंभर टक्के शुद्ध व औषधी असून अनेक रोगांवर गुणकारी आहे. दरमहा २०० किलो पुरवठा करू. तरी कृपया आम्हाला संधी द्यावी ही नम्र विनंती."

वाचून मी ताईंना विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" नाव नव्हतं, गाव नव्हतं. वाचणारा माणूस व्यापारी आहे, त्याच्या फोनात असे तीस-चाळीस ग्रुप असतील. त्याच्या नजरेला पहिल्या दोन ओळी पडतात, लांब मेसेज तर व्हॉट्सअॅप स्वतःच अर्ध्यावर दुमडून ठेवतं. त्या दोन ओळींत माननीय-आदरणीय निघून गेलं, आणि माणूस पुढे सरकला. गरीब हा शब्दही मी काढायला लावला. ताईंना ते आवडलं नाही, म्हणाल्या, "खोटं आहे का ते?" खोटं नाही ताई. पण ज्याला हळद घ्यायची आहे तो भावात आणि मालात बघतो, आणि ज्याला गरिबी दिसली तो भाव पाडून मागतो.

औषधी आणि रोगांवर गुणकारी हेही काढलं. घरात आपण हळदीला काय काय म्हणतो ते वेगळं. पण विकायच्या खाद्यपदार्थानं रोग बरा होतो असं म्हणणं अन्नसुरक्षेच्या कायद्यात बसत नाही. त्या ग्रुपमध्ये अधिकारी आहेत, स्पर्धक आहेत. आपल्याच पहिल्या मेसेजात आपण त्यांच्या हातात काठी का द्यायची?

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो २०० किलोवर. मी विचारलं, "ताई, हा आकडा कुठून आला?" पोरगा म्हणाला, "मोठा आकडा असला की लोक विचारतात." विचारतील हो, पण देणार कुठून? आम्ही हिशेब मांडला. तेव्हा ऑगस्ट चालू होता. गटाकडे हळकुंडाची तीन पोती शिल्लक होती, पन्नास किलोची एक, म्हणजे दीडशे किलो. निवडताना, दळताना, चाळताना चार-पाच किलो कमी होतात, तेव्हा पूड धरली १४५ किलो. नवी हळद जानेवारीनंतर निघणार. ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तोवर मार्च उलटणार. म्हणजे आहे त्या मालावर मार्च अखेरपर्यंत आठ महिने काढायचे. गावात आणि आठवडे बाजारात महिन्याला दहा किलो हमखास खपते. आठ महिन्यांची ८० किलो बाजूला ठेवली तर उरली ६५. त्यातली पाच नमुन्याला. मग बाहेर द्यायला राहिली ६० किलो. महिन्याला नव्हे, सगळी मिळून ६० किलो!

पोरगा म्हणाला, बाजारातून हळकुंड विकत आणून दळा की. ते करता येतं, त्यात काही गैर नाही. पण मग "आमच्या शेतातली हळद" असं लिहिता येणार नाही, आणि ताईंच्या हळदीला गिऱ्हाईक मिळतं ते त्याच एका गोष्टीसाठी.

आणखी एक गोष्ट ताईंच्याच मनात आली. त्या म्हणाल्या, "हे मी माझ्या नावानं लिहिणार की गटाच्या?" फार बरा प्रश्न. ग्रुपमध्ये नंबर घातला तो ताईंचा एकटीचा. पण माल गटाचा आहे. दहा जणींच्या मालाचा आकडा एकटीनं २१२ माणसांपुढे टाकणं बरोबर नाही. उद्या कुणी म्हटलं, तुला कुणी सांगितलं होतं, तर? म्हणून मेसेज शुक्रवारच्या बैठकीत वाचून दाखवला. कोषाध्यक्ष मावशींनी भाव लिहायला ठाम नकार दिला. त्यांचं म्हणणं, भाव लिहिला की त्याखाली दुसरा पाच रुपयांनी कमी लिहितो. खरंय ते. भाव विचारणाऱ्याला एकट्याला सांगायचा असं ठरलं, आणि कमीत कमी किती याचा आकडा इतिवृत्तात लिहिला.

मग तयार झालेला मेसेज असा. नावाच्या जागी मी अमुक म्हणते:

"सर्वांना नमस्कार. मी अमुक, गाव अमुक, जि. सांगली. येथील महिला बचत गटाची सचिव. जिल्हा प्रदर्शनात भेटलेल्या अमुक सरांनी मला या ग्रुपमध्ये घेतले आहे.

आमचा दहा जणींचा गट हळद पूड करतो. हळद सदस्यांच्याच शेतातली आहे. यंदाची ६० किलो पूड शिल्लक आहे, अर्धा आणि एक किलोच्या पाकिटात. एफएसएसएआय नोंदणी आहे. मिरची कांडूनही देतो.

पाकिटे छापून देणारे जवळपास कोणी माहीत असल्यास कळवावे. फोन सकाळी ११ ते ५ या वेळेत करावा, आधी मेसेज केल्यास बरे."

एवढंच. मोजून बघा, मोठ्यानं वाचायला मिनिटभरही लागत नाही.

यातल्या दोन-तीन जागा उलगडून सांगते. अमुक सरांनी घेतले आहे, हे वाक्य ताईंना आधी नको होतं. त्यांना लिहायचं होतं, "मला न विचारता घेतले आहे." राग बरोबर होता. पण त्या २१० माणसांचा यात काय दोष? आणि ज्यांनी घातलं त्यांना सगळ्यांसमोर टोकलं की ते आपलेच एक ओळखीचे तुटतात. म्हणून ग्रुपमध्ये फक्त कुणी घेतलं एवढं सांगायचं. त्यानं वाचणाऱ्याला कळतं की या बाई कुठून आल्या, आणि घेणाऱ्या माणसाची ओळख आपल्याला थोडी उसनी मिळते. राग त्यांना एकट्याला कळवायचा. ताईंनी त्यांना वेगळा मेसेज केला: "सर, ग्रुप उपयोगी आहे, आभार. पुढे आमच्या गटातल्या कुणाला घेताना आधी एक फोन करावा, फोन घरात सगळे वापरतात." त्यांचं उत्तर आलं, "चुकलं ताई, लक्षात ठेवतो." अंगठा दाखवून विषय संपवतील असं मला वाटलं होतं.

पाकिटं छापणाऱ्याचं जे विचारलंय ते मुद्दाम. हळद विकायची आहे असं लिहिलं की फक्त ज्याला हवी तोच बोलतो, आणि तसा एखादाच असतो. पण साधी माहिती विचारली की कुणीही उत्तर देऊ शकतं. बोलणं सुरू होतं. मात्र एकच विचारायचं, आणि खरोखर हवं असेल तेच. ताईंची पाकिटं तेव्हा हातानं चिकटवलेल्या चिठ्ठीची होती.

नोंदणी आहे असं लिहिलं, पण प्रमाणपत्राचा फोटो टाकला नाही. एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापलेला असतोच, मागणाऱ्याला तो देता येतो. प्रमाणपत्रावर घरचा पत्ता असतो. आणि आधार, बँकेचं पासबुक, पैसे घ्यायचा क्यूआर, यातलं काही ओळखीच्या मेसेजबरोबर जाऊ द्यायचं नाही. एका गटानं उत्साहात पासबुकाचं पहिलं पान टाकलं होतं, ते मी फोन करून काढायला लावलं. टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, पण साधारण दोन दिवसांच्या आतच. आणि तोवर कुणी उतरवून घेतलं असेल तर ते गेलंच. शब्द चुकला असेल तर पंधरा मिनिटांत दुरुस्तही करता येतो. ताईंनी घाईत "६० किलो"चं "६०० किलो" केलं होतं, ते तसंच दुरुस्त केलं.

बोलून मेसेज पाठवू का, असं पुष्कळ जणी विचारतात, कारण टाइप करायला वेळ लागतो. पहिल्या ओळखीला नको. बसमध्ये, दुकानात बसलेला माणूस तीन मिनिटांचं बोलणं ऐकत नाही, आणि पुढे आपलं नाव शोधायचं म्हटलं तर आवाजात शोधता येत नाही. टाइप जमत नसेल तर कीबोर्डवर माइकचं चित्र असतं, ते दाबून मराठीत बोलायचं, अक्षरं उमटतात. मग कुणाकडून तरी एकदा वाचून घ्यायचं. आमच्याकडे त्यानं "कांडप"चं "कांदा" केलं होतं.

मेसेज सकाळी साडेअकराला गेला. दुपारपर्यंत काहीच नाही. ताई दर दहा मिनिटांनी फोन बघत होत्या. मेसेजच्या माहितीत वाचणाऱ्यांची नावं वाढत होती, म्हणजे लोक वाचत होते. चारला एकानं इस्लामपूरच्या एका छापखान्याचं नाव दिलं. मग एक अंगठा. रात्री आठला एका नंबरवरून एकटीला मेसेज आला, "ताई तुमचा फोटो पाठवा, बोलायला आवडेल." हेही होतं मैत्रिणींनो, आणि ते आपल्या मेसेजमुळे होत नाही. ताईंनी उत्तर दिलं नाही. त्याचा स्क्रीनशॉट काढला, ॲडमिनला पाठवला, नंबर ब्लॉक केला. आणि यजमानांनाही दाखवला. मला वाटलं, आता फोन गेला. पण यजमान म्हणाले, "मला दाखवलंस ना, मग झालं." ॲडमिननं दुसऱ्या दिवशी तो नंबर काढून टाकला.

रात्रीच्या कॉलवर मी एक उपाय केला होता, तो अर्धाच बरा निघाला. Privacy मध्येच Calls आहे, तिथे अनोळखी व्हॉट्सअॅप कॉलचा आवाज बंद करता येतो. तो बंद केला, आणि तिसऱ्या दिवशी पुण्याच्या एका खरेदीदार बाईंचा कॉल वाजलाच नाही. कॉलच्या यादीत दिसत होता म्हणून बरं. ताईंनी उलट फोन केला. त्यांना २५ किलो हवी होती, पण आधी नमुना. अर्धा किलो कुरिअरनं गेला. त्यांनी विचारलं, "शेतातली म्हणता, तर यंदा काढणी कधी झाली?" ताईंनी पोत्यांचा, पॉलिशचा सगळा हिशेब तोंडपाठ सांगितला, कारण तो मेसेज लिहिताना मांडलेलाच होता. निम्मे पैसे आगाऊ आले. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकानं "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं सांगितलं होतं. त्याला ताईंनी विचारलं, "पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?" तो परत आला नाही. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही.

२५ किलो गेली, दिवाळीच्या आधी आणखी २०. उरलेली १५ गटानं ठेवली. पुण्याच्या बाईंनी महिन्याला ४० किलो मिळेल का असं विचारलंय. ताईंनी कळवलंय, नव्या हळदीनंतर सांगू.

ज्यांना असा ग्रुप नकोच असेल त्यांनी संकोच करू नये. बाहेर पडलं की आता ते सगळ्यांना जाहीर होत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. नंतर कुणी यादीत शोधलं तर दिसतं, पण त्यानं काही बिघडत नाही. घालणारा ओळखीचा असेल तर त्याला एक ओळ पाठवायची, "माझ्या कामाचा नव्हता म्हणून निघाले." ग्रुप ठेवायचा पण सारखी टिंगटिंग नको, तर आवाज बंद ठेवता येतो आणि दिवसातून एकदा बघता येतं. ताई तसंच करतात, दुपारी जेवण झाल्यावर.

गटात सध्या एका गोष्टीवर वाद चालू आहे. काहींचं म्हणणं, गटासाठी वेगळं सिम आणि एक साधा फोन घ्यावा, म्हणजे कुणाच्या घरचा नंबर बाहेर जाणार नाही. कोषाध्यक्ष मावशी विचारतात, तो फोन रोज कुणाच्या घरी राहणार, आणि रिचार्ज कुठल्या खात्यातून? येत्या शुक्रवारी पुन्हा बैठक आहे. तुमच्या गटानं असं काही केलं असेल तर आपल्या केंद्रावर कळवा, मी ते तिथे वाचून दाखवीन.

आणि त्या ३१ जणींना मी एकेकीला फोन केला. बावीस जणी म्हणाल्या, राहू दे. नऊ जणींना मी काढलं.

नमस्कार.